थर्मासातल्या दोन बाटल्या आणि माझी दोन नावं

मी मुळातच भित्री. नवरा म्हणायचा, "अगं, वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो." त्याला म्हणायला काय जातंय! इन्शुलिनवर तो थोडाच जगत होता?

मला एकोणिसाव्या वर्षापासून मधुमेह. गोळ्यांचा नव्हे, सुयांचा. एका उन्हाळ्यात मी इन्शुलिनची बाटली फ्रिजमध्ये अगदी मागे, बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवली. ती गोठली, पुन्हा वितळली, मला पत्ताच नाही. मी रोज टोचत राहिले आणि साखर चढतच गेली. तिसऱ्या दिवशी उलट्या, धाप, आणि बडोद्यातच, अलकापुरीतल्या एका दवाखान्याचा अतिदक्षता विभाग. गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर ठीक दिसलं तरी त्याचा भरवसा नसतो, हे मला तिथे पाठ झालं. त्यानंतर फ्रिज उघडायचा म्हटलं तरी छातीत धडधडायचं.

धाकट्या बहिणीचं बाळंतपण लंडनला होतं. आई नव्हती, म्हणजे मीच जायला हवं. बडोद्याहून मुंबई आणि मुंबईहून पुढे. विमानांची तपासणी तेव्हा फार कडक झाली होती. नेलकटरसुद्धा काढून घेतात, असं जो तो सांगत होता. मग माझ्या वीस सुया?

"सामानाच्या बॅगेत टाक की," नवरा म्हणाला.

"आणि विमानाच्या पोटात गोठलं तर? बॅग हरवली तर? माझ्या बाटल्यांत एका मिलिलिटरला चाळीस युनिट, आणि सुयाही चाळीसच्याच मापाच्या. तिकडे सगळं शंभरचं असतं. त्यांची बाटली घेऊन माझ्या सुईत भरली, तर अडीचपट इन्शुलिन अंगात जाईल. झोपेतच संपेन मी!"

सुदैवाने माझे डॉक्टर शहाणे होते. त्यांनी आपल्या छापील कागदावर विमान कंपनी आणि सुरक्षा कर्मचारी या दोघांना उद्देशून पत्र लिहून दिलं: या बाई इन्शुलिनवर अवलंबून आहेत. दोन बाटल्या, वीस सुया, साखर तपासायचं यंत्र आणि त्याच्या टोचण्या त्यांच्याजवळच राहिल्या पाहिजेत. सामानाच्या कप्प्यात औषध गोठू शकतं, बॅग चुकू शकते, आणि औषध चुकलं तर जिवाला धोका आहे. खाली तारीख, सही, नोंदणी क्रमांकाचा शिक्का आणि दवाखान्याचा फोन.

ते पत्र मी किती वेळा वाचलं असेल! सुया मोजल्या, बाटल्या दुकानाच्या चिठ्ठीसकट खोक्यात ठेवल्या, खोकी रुमालात गुंडाळून थर्मासात घातली. बर्फ वेगळ्या पिशवीत, बाटलीला न टेकेल असा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं.

विमानतळाच्या दारात नवऱ्याने निरोप दिला. आत फक्त प्रवासी. तिकीट देणाऱ्या मुलीने पत्र पाहिलं, "सुरक्षावाल्यांना दाखवा," म्हणाली आणि मोकळी झाली.

तपासणीच्या यंत्रातून पिशवी गेली आणि पट्टा थांबला. एका अधिकाऱ्याने थर्मास उघडला, सुयांचं पाकीट बाहेर काढलं. मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, मग माझा बोर्डिंग पास पाहिला, मग पुन्हा पत्र.

"ये चिट्ठी आपकी नहीं है."

"मेरी ही है."

"नाम अलग है. उपनाम भी अलग."

पासपोर्ट लग्नाआधीचा होता, त्यामुळे तिकीटही माहेरच्या नावाने काढलं होतं. लग्नात मात्र सासूबाईंनी नवऱ्याला ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहायला लावलं, आणि मी नावासकट बदलले. डॉक्टरांकडचा केसपेपर सासरच्या नावाचा, म्हणून पत्रही त्याच नावाचं, आणि औषधाच्या दुकानाची चिठ्ठीही. वीसदा वाचूनही मला ते खटकलं नाही, कारण नाव माझंच होतं. सुया मोजणारी मी शहाणी स्वतःचं नाव वाचायला विसरले.

"लग्नात आमच्यात नाव बदलतात," मी सांगू लागले. हिंदी, मराठी, गुजराती, तोंडाला येईल ते.

"काग़ज़ है कुछ?"

लग्नाचा दाखला घरी, कपाटात. अधिकाऱ्यांनी पत्रावरचा फोन लावला. कोणी उचलला नाही. डॉक्टर सकाळचे फेरीवर असायचे.

"देखिए, सामान में डलवा दीजिए. नहीं तो यहीं छोड़ दीजिए."

मला भर गर्दीत रडू फुटलं. विमानाची घोषणा झाली होती. मला बहीण दिसत नव्हती, बाळ दिसत नव्हतं. दिसत होती ती अतिदक्षता विभागातली पांढरी खाट, नाकातली नळी, आणि हवा असून न मिळणारा श्वास. मला मरायची भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगायचीही लाज वाटत होती.

"पहले इनकी तलाशी ले लो," अधिकारी म्हणाले.

पडद्याआड एक वयस्क महिला शिपाई होती. तिचा हात कमरेशी थांबला. "आ शुं छे, बेन?"

मी पदर बाजूला केला. पोटावर, बेंबीच्या दोन्ही अंगांना, टोचल्याचे ठिपके, कुठे काळेनिळे डाग, कुठे घट्ट झालेल्या गाठी. चौदा वर्षांचे. हे मी नवऱ्यापासूनही जमेल तेवढं झाकलं होतं.

तिने बघितलं. माझा पदर तिनेच नीट केला आणि पडदा सारून बाहेर गेली.

"साहेब, दवा आ बेननी ज छे. में जोयुं."

"पक्का?"

"पेट पर लिखा है, साहेब."

अधिकाऱ्यांनी आपल्या वरिष्ठांना बोलावून आणलं. दोघांनी सुया मोजल्या, पत्रातल्या आकड्याशी ताडल्या. पत्राखाली मला दोन्ही नावं लिहून, दोन्ही मीच, असं लिहायला आणि सही करायला लावलं. दोन्ही नावांनी केलेल्या सह्यांतली एकही मला माझी वाटत नव्हती. त्यांनी शेजारी आपली सही ठोकली आणि थर्मास माझ्या हातात दिला.

मुंबईच्या विमानात मी थर्मास मांडीवर घेऊन बसले आणि तीनदा उघडून बाटल्या हलवून पाहिल्या. आतलं औषध पाण्यासारखं पातळ होतं, गोठलं नव्हतं.

मुंबईला पत्र पुन्हा वाचलं गेलं, खालची सही पाहून सोडलं. तरी लंडनचं विमान सुटेपर्यंत माझं बोट थर्मासच्या कडीतून सुटलं नव्हतं.

जेवणाचं ताट येणार, तेव्हा इंजेक्शनची वेळ झाली. एरवी मी कुठेही असले तरी संडासात जाऊन, कडी लावून टोचायची. त्या दिवशी उठलेच नाही. जागेवर बसून सुई भरली, पदर सारला आणि टोचली.

शेजारी एक गुजराती आजी बसल्या होत्या. त्या बघतच राहिल्या. "बहु दुखे छे, बेटा?"

चौदा वर्षं या प्रश्नाला मी हसून नाही म्हणत आले होते.

"दुखतुं नथी, बा," मी म्हणाले. "भीती वाटते. रोज वाटते."

त्यांना मराठी कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी माझा सुईचा हात धरला, आणि ताट येईपर्यंत सोडला नाही.