पाणपोईचा पासवर्ड

राजूरला गणपतीच्या रस्त्यावर आमचं घर आहे, आणि घराच्या पुढच्या भिंतीशी माझ्या सासूबाईंची पाणपोई. दोन रांजण, चार पेले, वर पत्र्याचं छप्पर. उषाबाईंनी ती बावीस वर्षं चालवली. संकष्टी असो नाहीतर अंगारकी, पहाटेच रांजण भरलेले असतात. दर्शनाला आलेला माणूस तहानलेला पुढे जाऊ द्यायचा नाही, एवढा एकच नेम त्यांनी आयुष्यात कडक पाळला. बाकी नेम त्यांच्या सोयीने.

इथवर मला कौतुक आहे. पुढचं सांगताना अजून डोकं फिरतं.

तीन वर्षांपूर्वी घरी फायबरचं नेट आलं. मी एका विमा कंपनीत काम करते. दवाखान्यात दाखल असलेल्या पेशंटशी व्हिडिओवर बोलायचं, कागद बघायचे, दावा पुढे पाठवायचा. आधी पुण्यात राहून करायचे, नंतर कंपनीने घरून करायला परवानगी दिली. माझी लेक अर्पिता तेव्हा सहा वर्षांची होती आणि मला ‘पुण्याची आई’ म्हणायची. तेव्हा या घरून कामाचं मोल मला काय होतं, ते मी कोणाला सांगत बसले नाही. फक्त मागच्या खोलीचं दार लावून बसायचे.

अंगारकीला राजूरमध्ये मोबाइलचं नेटवर्क मान टाकतं. एवढी माणसं, टॉवर तेवढाच. पाणी पिता पिता कोणीतरी सासूबाईंना म्हणालं, मावशी, वायफाय आहे का हो? झालं. पाणी मागितल्यावर नाही म्हणता येत नाही, तसं त्यांना वायफायलाही नाही म्हणता येईना. पंधरा दिवसांनी मी बाहेर येऊन बघते तर कचरू पेंटर शिडीवर उभा. भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं: ‘मोफत थंड पाणी. मोफत वायफाय.’ आणि त्याखाली आमच्या घराचा पासवर्ड. हातभर मोठ्या अक्षरांत!

“आई, हे काय?”

“लोक सारखं इचारून राह्यले, मंग दरखेपी कुठं सांगत बसू?”

मी त्या दिवशी जेवले नाही.

त्यात माझे यजमान भागवत. त्यांचं मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि नवीन यंत्र दिसलं की यांचा हात आवरत नाही. घराला चार कॅमेरे, विहिरीच्या मोटारीला मोबाइलवरून चालू-बंद होणारा प्लग, भिंतभर टीव्ही. सगळं त्याच एका वायफायवर. कॅमेरे तर दिवसभर चित्र इंटरनेटवर पाठवत बसतात. मी कॉलवर असले की माझा आवाज तुटायचा, पेशंट म्हणायचा, मॅडम, ऐकू येत नाही. मी मोबाइलवर वेग मोजायचे, तर खाली येणारा वेग ठीक. वर जाणारा, अपलोडचा, बघितला तेव्हा कळलं. कॅमेऱ्यांनी आणि भिंतीला टेकून देवळाचे व्हिडिओ चढवणाऱ्या भाविकांनी माझ्या वाट्याला काही ठेवलंच नव्हतं.

मी पासवर्ड बदलला. भिंतीवरची अक्षरं चुना मारून पुसली. चार दिवस सुखाचे गेले. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. नवा पासवर्ड सासूबाईंना माहीतच नव्हता, मी स्वतः त्यांच्या फोनमध्ये टाकला होता. पण फोनमध्येच ‘शेअर’ची सोय असते. दाबलं की चौकोनी नक्षी येते, समोरच्याने ती कॅमेऱ्यात धरली की तो आत. हे त्यांना एका कॉलेजच्या मुलीने पाणी पिताना शिकवलं होतं. एका हातात पेला, दुसऱ्या हातात फोन, अशी त्यांची सेवा चालू!

त्या महिन्यात माझे दोन कॉल अर्ध्यात तुटले. एक पेशंट आयसीयूच्या दारातून बोलत होता. त्याच आठवड्यात वरून पत्र आलं: पंधरा दिवस तुमचे कॉल तपासले जातील. आणखी एक तुटला तर पुन्हा पुण्याच्या ऑफिसात हजर व्हा. पंधरावा दिवस कोणता, तर मंगळवार, अंगारकी.

मी ते पत्र घरात मोठ्याने वाचून दाखवलं. भागवत टीव्हीकडे बघत राहिले. सासूबाई म्हणाल्या, “तुमच्या कंपनीला अंगारकी कळत न्हाई का?”

मग मी भोकरदनहून इजहारला बोलावलं. केबल ओढणारा पोरगेलासा माणूस, पण डोकं जाग्यावर. तो म्हणाला, “भाभी, भांडू नका. पाहुण्यांचं नेटवर्क येगळं करू. नाव येगळं, पासवर्ड येगळा. तुमच्या लॅपटॉपवाल्या नेटवर्कमधी कुणी येनारच न्हाई.”

राउटरमध्ये ती सोय होतीच. मी त्याला ‘पाणपोई’ नाव दिलं. येणारे-जाणारे त्यात. मग कॅमेरेही त्यातच घातले. शिडी लावून एकेकाचं बटण दाबून पुन्हा जोडायचं, अख्खा रविवार गेला. मोटारीचा प्लग, टीव्ही, सगळं पाहुण्यांत. घरचा पासवर्ड पुन्हा बदलला, त्यावर फक्त माझा लॅपटॉप आणि भागवतांचा दुकानाचा फोन.

तरी पुढच्या गुरुवारी आवाज अडखळलाच. कॉल तुटला नाही, एवढंच नशीब. मी इजहारला फोनवर नाही नाही ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, “भाभी, नळ दोन केले, पन टाकी एकच ना? त्या नळानं समदं पानी ओढलं तर तुम्हाला काय येनार? पाहुण्यांची तोटी आवळा. तुमच्या पन्नास एमबीच्या वेगापैकी दहा द्या त्यांना, सगळ्यांना मिळून. वर जानारे बी दहा, खाली येनारे बी दहा.”

त्याने फोनवर सांगितलं तसं मी केलं. राउटरच्या सेटिंगमध्ये पाहुण्यांच्या पानावर मर्यादेचा रकाना होता, दोन्हीकडे दहा लिहिले. माझा आवाज त्या क्षणापासून स्वच्छ. भिंतीवर मीच कचरूकडून पाणपोईचा नवा पासवर्ड लिहून घेतला. लिहू दे, वाचू दे, नाचू दे गावाला.

राहिला प्रश्न सासूबाईंच्या फोनचा. तो घरच्या नेटवर्कवर ठेवला असता तर संध्याकाळपर्यंत शेजारचं अर्धं हसनाबाद गाव त्यावर असतं. मी तोही पाहुण्यांत टाकला. त्यांच्यासमोर.

“हे कोन्चं?”

“पाणपोईचं.”

“मंग तुझं?”

“घरचं.”

त्यांनी फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “आन मी?” म्हणाल्या.

मी फोन त्यांच्या हातात ठेवला आणि आत गेले. बावीस वर्षं जगाला पाणी पाजलं, पण घरातल्या बाईची भाकरी आपण तोडतोय हे कळत नसेल, तर राहा पाहुण्यांत. असं मनात आलं होतं, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं होतं.

अंगारकी आली. सकाळी सात वाजल्यापासून रस्त्यावर मुंगीला वाट नव्हती. मी दाराला कडी घालण्याआधी सगळ्यांना बजावलं, “आभाळ कोसळलं तरी दार वाजवायचं नाही.” अर्पिताला म्हणाले, सासूबाईंकडे बघून म्हणाले.

दिवसभरात एकोणीस कॉल झाले. बाहेर भिंतीला शंभर माणसं टेकलेली, आत माझा एक शब्दही तुटला नाही. साडेचारला वरून निरोप आला, तपासणी संपली, घरूनच चालू ठेवा. मी खुर्चीतच दोन मिनिटं डोळे मिटून बसले. मग कडी काढून बाहेर आले, जोरात सांगायला.

सासूबाई रांजणाच्या मागे पायरीवर बसल्या होत्या. फोन मांडीवर पालथा. पेले न धुता पडलेले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना अंगारकीला बसलेलं पाहिलं नव्हतं.

“काय झालं?”

दोनदा विचारल्यावर म्हणाल्या, “साळूची पट्टी काढली आज.”

साळूबाई त्यांची थोरली बहीण, शहागडची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वर्षभर चाचपडत होती. काल जालन्याला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. हे मला माहीत होतं. ती म्हणाली होती, पट्टी काढल्या काढल्या उषेचं तोंड बघीन, हेही घरात दहा वेळा बोलून झालं होतं. मी विसरले होते.

“दोन वाजता लावला तिच्या पोरीनं व्हिडिओ. मोबाइलचं नेट बंद. पानपोईवर एवढी मानसं. माझं तोंड तिला चौकोनं चौकोनं दिसून राह्यलं. हालंना, डुलंना. डागदराला म्हनली, डोळा गेला माझा. समदं तुकडं तुकडं दिसतंय. रडायलाच लागली.”

“मग दार का नाही वाजवलं?” मी ओरडलेच.

“तूच म्हनली ना, आभाळ कोसळलं तरी.”

“अहो, पण असं काही असल्यावर वाजवायचं असतं! एवढं कळत नाही?”

“दाराशी आल्ते दोनदा.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “आत तुझं बोलनं चालू होतं, चांगलं खणखणीत. म्हनलं, चालू दे. तुझं तुटलं तर तू पुन्याला जाशील. पोरगी रडंल.”

मला राग आला होता, तो जिरायला जागा मिळेना. त्यांच्यावर काढायचा तर त्यांनी काय केलं होतं? दहाची मर्यादा माझ्या हाताने लिहिली होती. सासूबाईंचा फोन त्या दहात मी ढकलला होता, तोही जाणूनबुजून, धडा शिकवायला. शंभर अनोळखी माणसांच्या रांगेत उभं केलं होतं मी त्यांना, त्यांच्याच घरात. एक फोन. एका फोनने माझं काय जाणार होतं? शेअर करू नका म्हणून एकदा नीट समजावून सांगितलं असतं तर ऐकलं नसतं का त्यांनी? मी एकदाही सांगितलं नव्हतं. फक्त चिडले होते.

मी त्यांच्या मांडीवरचा फोन घेतला. घरचा पासवर्ड टाकला. घाईत दोनदा चुकला. साळूमावशीच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला. ती मंडळी शहागडच्या वाटेवर गाडीत होती.

चित्र आलं. साळूमावशी, डोळ्यावर काळा चष्मा. मुलीने तो जरा वर केला.

“उषे,” ती म्हणाली, आणि मग बराच वेळ नुसती बघत राहिली. “अगं, दिसून राह्यलीस की! सबंध दिसून राह्यलीस! केस किती पिकले गं तुझे.”

सासूबाई हसत होत्या, रडत होत्या, पदर सावरत होत्या. मी आत जायला वळले, तर त्यांनी फोन माझ्याकडे फिरवला.

“ही बघ, साधना. माझी सून. हिनंच लावून दिला.”

साळूमावशी नव्या डोळ्याने माझ्याकडे बघायला लागली. मला तिच्याकडे बघता येईना. मी खाली बसून पेले धुवायला घेतले.