विहिरीकडे जाणारी लिंक

ब्लॉगचं वेड होतं त्या काळात मी कारेगावच्या कारखान्यात नोकरीला होतो आणि फावल्या वेळात लोकांना घाबरवत होतो. कासुर्डीजवळ मित्राच्या वडिलांची, आबांची, बिनकठड्याची विहीर होती. ती माणसाला नावानं हाक मारते, अशी लोणकढी थाप मी ब्लॉगवर ठोकली. खरी वाटावी म्हणून हमरस्त्यापासूनची वाटही दिली: चिंचेपाशी डावीकडे, मग पाटाच्या कडेनं सरळ.

आपलं नाव कोण कुठं घेतं, हे शोधायचा मला भारी नाद. शिरूरच्या सायबर कॅफेत बसून शोधयंत्रात ब्लॉगचं नाव अवतरणचिन्हांत टाकायचं आणि वजाचं चिन्ह देऊन स्वतःचा ब्लॉग वगळायचा. एकदा दौंडच्या एका गृहस्थांचं पान सापडलं. ‘कासुर्डीकडे बोलकी विहीर आहे, असं अमुक ब्लॉग सांगतो.’ नाव होतं, लिंक नव्हती! मी लगेच गोड ई-मेल लिहिला: ‘आठवण काढलीत, आनंद झाला. नावाला लिंक दिलीत तर वाचक थेट त्या गोष्टीवर पोचतील. पत्ता खाली देतोय. आग्रह नाही.’

संध्याकाळपर्यंत लिंक लागली. आठवड्यात वाचकांचा आकडा असा फुगला की मी कॅफेवाल्याला चहा पाजला.

मग आबांचा फोन आला. “लेका, रोज पोरं येत्यात. काठावर पालथी पडून आत वाकत्यात. कोण पाठवतंय त्यांना?”

नुसत्या उल्लेखावरून कुणी आलं नव्हतं. वाट माझ्या पानावर होती आणि त्या पानाचं दार मी विनंती करून उघडून घेतलं होतं.

रविवारी गेलो. काठावर एकच चप्पल पडली होती.

“सकाळपासून हाय,” आबा म्हणाले. बादली काढायचा गळ त्यांनी तीनदा सोडला, तीनदा रिकामा वर आला. चौथ्यांदा त्यांनी दोर आणखी खोल सोडला.

तेवढ्यात एक तरुण मोटारसायकलवरून आला. एक पाय अनवाणी. “आबा, चप्पल राहिली. घाबरून पळालो ना!”

“मेला असतास की, गाढवा!”

“न्हाई वं. उद्या दहाजण आणतो. समद्यांना लिंक धाडलीय.”

गोष्ट मीच रचलीय म्हटलं, तर तो हसून निघून गेला. मी तडक दौंड गाठलं, कॅफेतून माझ्या पानावरची ती वाट पुसली आणि गोष्ट खोटी असल्याचं ठळक लिहिलं. त्या गृहस्थांना लिंक काढायची विनंती केली. त्यांचं उत्तर आलं: ‘काढतो. पण त्या लिंकवरून जाऊन चौघांनी गोष्ट वाटेसकट आपापल्या पानांवर उतरवलीय.’

दुसऱ्या दिवशी कामावर दांडी मारली. आबा आणि मी विहिरीभोवती बाभळीच्या काट्या रचत होतो. अर्धा काठ अजून उघडाच होता. हमरस्त्याकडून गाड्यांचा आवाज आला. आबांनी कोयता खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. गाड्या चिंचेपाशी डावीकडे वळल्या.