पिवळं सोल्यूशन आणि ह्यांचं बोट

सदाशिव पेठेतल्या आमच्या चप्पलदुरुस्तीच्या गाळ्यात मला एका जागी बसवत नाही. हे मात्र मांडी न मोडता दिवसभर बसायचे. त्या सकाळी तर मी उगाच खिळ्यांचे डबे पुसत होते, पुसलेले पुन्हा पुसत होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांचा कामाचा तो पहिला दिवस होता. उजवा हात हलत होता, हातोडी धरत होता. पण आदल्या आठवड्यात चहाचं तापलेलं पातेलं ह्यांनी त्याच हाताने उचललं आणि मी ओरडेपर्यंत सोडलं नाही. बोटांना चटका कळलाच नव्हता. हात कामाचा राहिला नाही, तर हा माणूस घरात बसून काय करणार, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

पहिलं गिऱ्हाईक पेठेतलेच एक निवृत्त गृहस्थ. सँडल चामड्याची, खाली टायरच्या रबराचा तळ, टाचेपाशी तोंड उघडलेलं.

"घरी थेंबाथेंबाचा तो झटपट डिंक लावून पाहिला. संध्याकाळपर्यंत टिकला," ते म्हणाले. "आता आपण काय करता ते बघत बसतो. घरी माझी कुणी वाट बघत नाहीये."

आणि स्टुलावर बसलेच. मला ते नको होतं. ह्यांचा हात अडखळला तर तो परक्या डोळ्यांनी बघू नये, असं वाटत होतं.

हे आजारी असताना गाळा मीच चालवला होता. आता येतात ते बहुतेक कॉलेजच्या मुलांचे बूट. त्यांच्या सिंथेटिक तळांना आम्ही पारदर्शक डिंक लावतो आणि गरम हवा देऊन दाबतो. हाताला तीच सवय लागलेली. मी तोच डबा पुढे सरकवला.

"अहो, हा घ्या. पटकन होईल."

ह्यांनी तळ वाकवून पाहिला, नखाने खरवडला. "हे टायरचं रबर आहे. ह्याला आधी पकड आणणारं ते औषध लावल्याशिवाय हा डिंक धरत नाही, आणि ते संपलंय. चामड्याला घट्ट बसेल, रबर मात्र सालीसारखं सुटून येईल. पिवळं सोल्यूशन दे, ते वाळलं तरी लवचीक राहतं."

"आणि माझ्या डिंकाचं काय चुकलं?" गृहस्थांनी विचारलं.

"तो वाळला की कडक होतो. चालताना तळ दुमडतो, तसा तडकतो."

"म्हणजे मी चाललो ही चूक झाली."

हे हसले. इतक्या दिवसांनी हसले, आणि मला त्या म्हाताऱ्याचा राग धरता येईना.

ह्यांनी तळ अख्खा सोडवून आधीचा काचेसारखा थर कानशीने पार काढला, चामडं आणि रबर दोन्ही खरखरीत केलं. दोन्हीकडे सोल्यूशनचा पातळ हात दिला. चामड्याने तो पिऊन टाकला, म्हणून तो वाळल्यावर चामड्याला आणखी एक. मग दोन्ही तुकडे वेगवेगळे ठेवून वाट बघणं आलं. ह्या धंद्यात मला सगळ्यात नकोसं असतं ते हेच. ओलं असताना जोडलं तर सरकतं, फार वाळलं तर धरत नाही, आणि एकदा टेकलं की हलवता येत नाही. मी पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला.

ह्यांनी नेहमीसारखं उजव्या बोटाची मागची बाजू चामड्याला टेकवली. "झालं," म्हणाले.

झालं नव्हतं. बोट उचलताना सोल्यूशनची बारीक तार सुटलेली मला दिसली. ह्यांना ती जाणवलीच नव्हती. गिऱ्हाइकासमोर कसं सांगू? आणि न सांगून कसं चालेल? सँडल चार दिवसांत परत आली असती, आणि ह्यांनी हातोडी खाली ठेवली असती ती कायमची.

मी तोंड उघडणार, तोच ह्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. तार अजून लोंबत होती.

मग ह्यांनी माझं मनगट धरलं आणि माझं बोट चामड्याला टेकवलं.

"तू सांग."

"ओलं आहे," मी म्हणाले.

आम्ही थांबलो. माझं मनगट ह्यांच्या हातातच होतं, आणि मी जागची हलले नाही. थोड्या वेळाने ह्यांनी पुन्हा माझं बोट टेकवलं. आता चिकट लागत होतं, पण बोटाला तार येत नव्हती.

"आता," मी म्हणाले.

ह्यांनी टाच जुळवून तळ बसवला आणि मधून कडेकडे ठोकत गेले. ठोके पूर्वीसारखेच पडत होते.

"उद्या न्या," ह्यांनी सांगितलं. "आज घालू नका."

"मग मी अनवाणी जाऊ?"

मी गाळ्यातल्या जुन्या स्लिपर त्यांच्या पायाशी ठेवल्या. ते गेल्यावर ह्यांनी पुढची चप्पल घेतली, उलटी करून पाहिली आणि स्टूल बोटाने दाखवलं.

"लांब नको जाऊस. इथेच बस."

मी बसले.