मुठीतला ताईत

पडद्यावर सगळ्यात आधी दिसलं ते ताईच्या शरीरातलं नव्हतंच. गर्भनळ्या उघड्या आहेत का हे बघायला गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढतात; त्याआधी डॉक्टर ओटीपोटाचं एक साधं चित्र घेतात. त्यात कमरेच्या हाडांमध्ये बोटाच्या पेराएवढी एक काळी नळी आडवी पडली होती.

"दागिने काढले होते ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

ताई टेबलावरून छताकडे बघत म्हणाली, "ताईत आहे. सासूबाईनं बांधला. लेकरू होईपर्यंत काढाचा नाही."

मी तिच्या उशाशी शिशाचा जड एप्रन घालून उभी होते. आत येण्याआधी त्यांनी मलाही विचारून घेतलं होतं, दिवस गेलेले नाहीत ना. ताईला तर पाळी संपल्यावर, बीज सुटण्याआधीच्या दिवसांतच बोलावलं होतं. पोटात गर्भ असेल तर ही तपासणी करत नाहीत.

बाबांनी घरी छापलेल्या बुवाबाजीविरोधी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं शिकले. लकडगंजच्या बाजारात ती वाटताना हमालांशी, दुकानदारांशी भांडले. तो ताईत तोडून फेकायला माझे हात शिवशिवले. पण बाहेर बाकावर उमरेडहून आलेली तिची सासू बसली होती. दोन्ही नळ्या बंद निघाल्या तर पोराचं दुसरं लग्न लावते, असं तिनं येताना गाडीतच सांगितलं होतं. पोराची तपासणी अजून झाली नव्हती. त्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

"ताईत नेमका उजव्या नळीवर येतोय," डॉक्टर म्हणाल्या. "काढावा लागेल."

ताईनं गाठ सोडली आणि ताईत माझ्या हातात दिला. "खाली ठेवू नोको वं. मुठीत धर."

"ताई, तू पण?"

"धर म्हटलं ना."

धरला. तिच्या अंगाची ऊब त्यात होती.

डॉक्टरांनी आतली जागा जंतुनाशकानं पुसली. गर्भाशयाच्या तोंडातून बारीक नळी घातली आणि टोकाचा इवला फुगा फुगवला. मग आयोडीनचं औषध हळूहळू सोडलं. त्याची ॲलर्जी नाही ना, हे आधी दोनदा विचारलं होतं. खोलीतला दिवा मंद केला होता. पडद्यावर राखाडी धुक्यात एक काळा त्रिकोण उमटला, टोक खाली, रुंद बाजू वर. ताई माझ्यासमोर होती आणि तिच्या आतली पोकळी तिथे भिंतीवर भरत होती.

त्रिकोण भरला आणि थांबला. वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून काहीच बाहेर निघेना. मधोमध एक गोल फिकट डाग होता, डोळ्यासारखा.

ताई कण्हली. तिनं मान वळवून पडदा पाहिला. "पाह्यलं? काढला आन् बंद झालं."

ताईत आता माझ्या घामानं ओला झाला होता, आणि मला तो गार लागत होता. मी मूठ उघडू शकत होते. उघडली नाही.

"जोर नाही लावायचा," डॉक्टर म्हणाल्या. "जोरानं ढकललं तर औषध रक्तवाहिन्यांत शिरतं. भीतीनं, दुखण्यानं नळीच्या तोंडाशी स्नायू आवळला जातो. मग नळी बंदच दिसते. थोडं थांबू." त्यांनी पेटके कमी करणारं इंजेक्शन दिलं. ताईला जरा कुशीवर केलं. तो डोळा सरकला, कडेला तरंगत गेला आणि विरला. हवेचा बुडबुडा होता. गाठ किंवा मांसाचा कोंब असता तर जागचा हलला नसता.

आम्ही थांबलो. ताईचा श्वास माझ्या मनगटावर लागत होता. दाराबाहेर सासू कोणाशी तरी बोलत होती, शब्द कळत नव्हते, नुसता आवाज.

पुन्हा औषध गेलं. उजव्या कोपऱ्यातून एक काळा धागा निघाला, वळसे घेत लांबला, आणि टोकाशी धुरासारखा पसरला.

"पोटात सांडलं. ही उघडी आहे."

डावीकडेही धागा निघाला, पण शेवटी फुगत गेला. सुजलेल्या बोटासारखा. तिथून काही सांडलं नाही. थोड्या वेळानं घेतलेल्या चित्रातही ते औषध तिथेच साचून होतं.

"ही टोकाशी बंद आहे, आत पाणी साठतं. अशा नळीत जंतुसंसर्गाचा धोका असतो, म्हणून गोळ्या देते. थोडं रक्त जाईल. ताप आला, पोट फार दुखलं तर लगेच या. आणि नवऱ्याची तपासणी करून घ्या."

ताई उठून बसली तशी तिला घेरी आली. मी तिला धरून ठेवलं, एकाच हातानं.

बाहेर सासूनं आधी विचारलं, "ताईत कमरेले होता ना?"

"नव्हता," ताई म्हणाली. "एक नळी उघडी आहे. आता तुमच्या पोराले पाठवा."

सासू तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "काहून पाठवू? त्याले काय झालं?"

"तेच तर पाहाचं आहे."

मग ताईनं माझ्यापुढे हात केला. मी मूठ सोडली. तळहातावर ताईताच्या कडांचा लाल ठसा उमटला होता. तिनं तो कमरेला बांधला नाही, फेकलाही नाही. पर्समध्ये, गोळ्यांच्या पाकिटाखाली ठेवला. रात्रीपर्यंत तो ठसा तसाच होता.