बांगड्यांखालचा रंग

बी.ए.ची परीक्षा देऊन मी घरी आले आणि आईसोबत भर उन्हात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटल्या. आठवड्यानं पाहुणे मला पाहायला येणार होते. घाईनं तोंडाहातांना लिंबू चोळून पुन्हा शेतात गेले, तर कातडी भाजून डाग पडले.

"लिंबू कायले चोळतं व? जळजळ थांबली की दही-बेसन हलकं लाव, अन् दुपट्टा बांधत जाय," आई म्हणाली.

"आठवड्यात उजळीन?"

आईनं माझ्या बांगड्या सरकवल्या. "हा तुया रंग. सावलीत राह्यली त दोन-तीन महिन्यात इथवर येशीन. याच्या पुढं नाही."

पाहुण्यांनी हातांबद्दल विचारलं. "शेतात होती," आई शांतपणे म्हणाली. होकार आला नाही.

दिवाळीपर्यंत हात बांगड्यांखालच्या रंगाला आले. तोवर मी शाळेत शिकवू लागले होते.