महिनाभराच्या ओळी

आमगावात माझी ओळख आवाजामुळे आहे. वीस वर्षं मी झाडीपट्टीतल्या नाटकांची जाहिरात केली. ऑटोला भोंगा बांधायचा, गावोगाव फिरायचं आणि ‘आज! आज! आज!’ म्हणत बायाबापड्यांना चुलीपासून उठवायचं. त्यामुळे भाचीनं ट्यूशन सेंटर काढलं आणि म्हणाली, ‘मामाजी, महिनाभर रोज टाकायच्या पोस्टच्या ओळी तुमीच लिहा,’ तेव्हा मला वाटलं, रंगभूमीनं पुन्हा बोलावलं.

सेंटर म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरचा एक हॉल. विज्ञान भाची शिकवणार, इंग्रजी तिची मैत्रीण, आणि गणिताला एक सर. रायपूरच्या एका क्लासनं त्यांना बोलावलं होतं. सरांची अट साधी होती. जून संपेपर्यंत दहावीच्या बॅचला बारा नावं झाली तर ते इथं राहणार, नाहीतर रायपूरची गाडी धरणार. आणि गणिताच्या सरांशिवाय दहावीची ट्यूशन म्हणजे हिरोशिवाय नाटक. भाची नागपूरची नोकरी सोडून आली होती. सर गेले की हॉलला कुलूप लागणार होतं.

पहिल्याच दिवशी मी लिहिलं : ‘आज! आज! आज! आमगावकरांनो, हसवायला, रडवायला आणि गणित घडवायला येत आहेत तीन दिग्गज!’ भाची आंघोळीला गेली होती, तेवढ्यात मीच तिच्या फोनवरून ते सेंटरच्या पेजवर टाकून दिलं. दुपारपर्यंत चार फोन आले. दोघांनी तिकीट विचारलं, एकानं नाटक किती वाजता सुटेल ते, आणि चौथ्यानं सायकल स्टँड आहे का ते.

भाचीनं शांतपणे पोस्ट काढली आणि भिंतीवरचं कॅलेंडर टेबलावर आडवं टाकलं. तीन रंगांचे पेन काढले. हिरवा अभ्यासाच्या युक्त्यांचा, निळा शिक्षकांच्या ओळखीचा, लाल प्रवेशाची आठवण द्यायचा. हिरवा सगळ्यात जास्त, कारण उपयोगाचं काही दिलं तरच लोक रोज बघतात. निळा आठवड्यातून दोनदा. लाल फक्त रविवारी, कारण रोज ‘या, या’ केलं की लोक तोंड फिरवतात. एका पोस्टमध्ये एकच गोष्ट सांगायची आणि पहिल्या ओळीतच सांगायची, कारण पुढचं फोन झाकून टाकतो. तेच रोज व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवरही ठेवायचं. मे महिन्यात घेतलेल्या डेमो क्लासला आलेल्या घरांचे नंबर तिच्याकडे होते आणि तिचा त्यांच्याकडे, म्हणून स्टेटस थेट त्यांच्यापर्यंत जाणार होतं.

मी पहिल्या रविवारसाठी लाल पेनानं लिहिलं, ‘फक्त दोन जागा शिल्लक!’

‘मामाजी, बाराच्या बारा रिकाम्या आहेत.’

मी म्हटलं, पडदा उघडायच्या आधी रिकाम्या खुर्च्या कोणी मोजतं का? तिनं ओळ खोडली आणि लिहिलं : बॅच एक जुलैपासून, फॉर्म सेंटरवर मिळतील. इतकी कोरडी ओळ मी जन्मात भोंग्यावरून सोडली नसती.

निळ्या पोस्टचं दुखणं वेगळं होतं. गणिताचे सर चेहरा दाखवायला तयार नव्हते. म्हणाले, उद्या रायपूरला गेलो तर गावभराच्या फोनात माझं तोंड कशाला? शेवटी फळ्यावर लिहिताना त्यांचा पाठमोरा फोटो काढला. मी खाली लिहिलं, ‘गणिताकडे तोंड, म्हणून आपल्याकडे पाठ.’ हे मात्र भाचीनं ठेवलं, आणि मी दिवसभर ताठ मानेनं चाललो.

पहिला आठवडा झकास गेला. स्टेटस बघणाऱ्यांची यादी लांबत चालली होती, रात्री दहापर्यंत पोरं बघत होती. फॉर्म मात्र दोनच. मग दुसऱ्या सोमवारी हिरव्या दिवशी मी असा घाव घातला की स्वतःवरच खूश झालो. ‘अभ्यासाचे दोन तास फोन आईच्या हाती. आई स्वतःहून देईपर्यंत परत मागायचा नाही.’ भाची म्हणाली, ही तुमची सगळ्यात चांगली ओळ.

चांगली होती, कारण लोकांनी ऐकली. तिसऱ्या दिवशी यादी निम्मी झाली, चौथ्या दिवशी त्याच्याही निम्मी. आपल्याकडे घरात फोन बहुतेक एकच, तो पोरांच्या हातात. पोरांच्या हातातून गेला की आमचा प्रेक्षकच गेला. सरांनी गाड्यांचं वेळापत्रक पाहायला घेतलं. भाची खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली,

‘तुमी आपल्याच तंबूचा बांबू काढला, मामाजी.’



शनिवारी तिनं पुन्हा यादी उघडली. नावांपुढे वेळ दिसते. अचानक तिनं माझा हात धरला. रात्री दहाची गर्दी गेली होती, पण पहाटे पाचला सात नावं होती, दुपारी जेवणाच्या वेळी पाच, संध्याकाळी आणखी. पहाटे पाचला दहावीचं कोणतं पोरगं उठतं? आमच्या पोस्ट आता आया बघत होत्या. चुलीपाशी, धानाच्या रोपांचे परे टाकायला निघायच्या आधी, बांधावर डबा उघडताना.

मी कॅलेंडर ओढून घेतलं. पुढच्या सगळ्या ओळी आम्ही आईसाठी लिहिल्या. हिरवी : ‘पोरीला इतकंच विचारा, आज काय शिकली? तिनं सांगितलं तर समजलं.’ लाल : ‘फॉर्म भरायला सकाळी या, शेतावर जाता जाता.’ पोस्टची वेळही पहाटेची केली. रंग तेच, दिवस तेच, फक्त प्रेक्षक बदलला.

सोमवारी सकाळी आठ वाजता मुर्री गावात माहेर असलेली एक बाई, डोक्यावर टोपली तशीच, जिना चढून आली. मागे तिची मुलगी, नजर जमिनीवर.

‘माह्या पोरीनं त सांगितलन का क्लास फुल झाला म्हणून. अना तुमचं त काल फोनवर आलं का फॉर्म भरा. खरं कोणाचं?’

म्हणजे जे खोटं मला लाल पेनानं लिहू दिलं नाही, ते ही पोर घरी फुकटात सांगून बसली होती. मी तिच्याकडे मोठ्या आदरानं पाहिलं. माझ्याच कंपनीतली निघाली.

‘जागा आहे, मावशी,’ भाची म्हणाली. ‘दहा आहेत.’

‘अना हा पाठ दाखवून राहिलेला मास्तर कोण? त्याले तोंड नाही का?’

सर फळ्यापाशीच होते. ते वळले नाहीत, पण कान लाल झालेले मला दिसले.

त्या बाईनं खाली जाऊन काय केलं देव जाणे, पण माझ्या भोंग्याला लाजवेल असं केलं. आठवडाभरात सकाळच्या जिन्यावर चपलाच चपला. आठ, दहा, अकरा. मग तीन दिवस अकरावरच अडकलं. मी रोज जिन्याकडे कान लावून बसलो, भाची फॉर्मचे कोपरे सारखे करत राहिली, सरांची बॅग कोपऱ्यात बांधलेली. अठ्ठावीस तारखेला देवरीहून नुकतंच बदलून आलेलं एक कुटुंब आलं आणि बारावं नाव लिहिलं गेलं.

सरांनी बॅगेतून इस्त्रीचा शर्ट काढला, घातला आणि खिडकीपाशी उभे राहिले.

‘आता काढा फोटो,’ म्हणाले. ‘समोरून.’

एक जुलैची पोस्ट निळी होती. पहाटे चारला उठून मी अर्धं पान लिहिलं. भाचीनं पेन घेऊन त्यातलं दिग्गज काढलं, रंगमंच काढला, सरांच्या नाकाचं वर्णन काढलं. उरली फक्त पहिली ओळ. त्यावर तिचं पेन थोडं थांबलं, मग तिनं टोपण लावलं. पाच वाजता आमगावच्या चुलींपाशी सरांचा चेहरा उघडला आणि खाली लिहिलेलं होतं :

आज! आज! आज!