दुसरी फेरी

ऑफिसात तिला सगळे कशासाठीबाई म्हणत. साधा पंखा घ्यायचा म्हटलं तरी तिचा पहिला प्रश्न तोच. वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या छोट्या कंपनीचा कारभार तीच बघायची, आणि साहेबसुद्धा तिला वचकून असत.

एकदा साहेबांच्या मनात आलं, सगळ्यांना तळ्याकाठच्या रिसॉर्टवर न्यायचं. टीम जुळते म्हणे! बाईने विचारलंच, कशासाठी? साहेब म्हणाले, मजा येईल. मजेला तिचा विरोध नव्हता हो, पण तिच्या जिवाला वेगळाच घोर लागला होता. सगळ्यात जुने मेकॅनिक आप्पा काम सोडायचं म्हणत होते. त्यांचं म्हणणं, फोनवरच्या मुली तक्रार अर्धवट लिहून घेतात, मग चुकीचा पार्ट घेऊन जिने चढा, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. मेकॅनिक मुलींना नावं ठेवायचे, मुली मेकॅनिकांना. बाई नवखी असताना आप्पांनीच तिला लेकीसारखं सांभाळलं होतं. ते गेले असते तर ऑफिस तिला खायला उठलं असतं.

तिने साहेबांच्या मागे लागून रिसॉर्ट रद्द करवला. त्याऐवजी वाचनालयाचा वरचा हॉल, घरगुती जेवणाचे डबे आणि एक बिघडलेलं मशीन. खर्च पाव हिश्श्यावर आला. हेतू एकच, त्याच तक्रारीसाठी मेकॅनिकला मारावी लागणारी दुसरी फेरी कमी करायची. सकाळी कामांची अदलाबदल, दुपारी एकच बदल ठरवायचा आणि तो कोण करणार तेही. दिवस आवडला का, हे कुणाला विचारायचं नाही. आधीच्या दोन महिन्यांत शंभरातल्या किती तक्रारींना दुसरी फेरी लागली आणि पुढच्या दोन महिन्यांत किती, एवढंच ताडून बघायचं.

आप्पा फोनवर बसले, फोनवरची एक मुलगी गिऱ्हाईक झाली. आप्पांची चौकशी रंगात आली. मशीन पाणी भरताना अडतं की कपडे पिळताना? आवाज कसला येतो? तेवढ्यात मुलीने टेबलावर टिचकी मारली, वेळ संपली.

"अगं, आत्ता कुठे सुरुवात केली मी!"

"आप्पा, आम्हाला एका फोनला दोनच मिनिटं असतात."

इतकी वर्षं एका छपराखाली, आणि हे एकाही मेकॅनिकला ठाऊक नव्हतं. नियम साहेबांचाच. साहेब ओशाळले, आणि दोन महिने नियम बाजूला ठेवायचं त्यांनी तिथंच कबूल केलं. पण इतर फोन ताटकळले तर? बाई म्हणाली, तेही मोजू. आधी कुठले प्रश्न विचारायचे, ते आप्पा आणि त्या मुलीने मिळून ठरवायचं असं ठरलं. बाकी दिवस तसा कंटाळवाणाच गेला, खरं सांगायचं तर.

दोन महिन्यांनी आकडे आले. फोन थोडे ताटकळले होते, पण दुसऱ्या फेऱ्या शंभरामागे तीसवरून अठरावर आल्या होत्या. बाई धावत आप्पांना सांगायला गेली, तर ते त्या मुलीशेजारी खुर्ची ओढून बसलेले, कान फोनला.

"आप्पा, मग जायचं कधी ठरवलंत?" तिने धीर करून विचारलं.

"हिला अजून आवाजावरून बिघाड ओळखता येत नाही," आप्पा म्हणाले. "अशी अर्ध्यावर सोडून कसा जाऊ?"

बाईला रडूच फुटलं, सगळ्यांसमोर.